‘ओळख करून द्या’ म्हटल्यावर काय बोलायचं? पाठ केल्यासारखी किंवा बढाईखोर न वाटणारी एका मिनिटाची ओळख कशी तयार करावी

कोल्हापुरातल्या एखाद्या हॉटेलचा हॉल. सकाळी साडेसातची वेळ. गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर चाळीस माणसं बसलेली आहेत. कुणी फौंड्रीवाला, कुणी सीए, कुणी केटरर, कुणी दंतवैद्य. माईक एका टोकापासून फिरायला लागतो आणि प्रत्येकाला एक मिनिट मिळतं. आपल्या वर्कशॉपमध्ये तासभर कामाबद्दल बोलू शकणारा माणूस इथं उभा राहतो आणि अचानक शाळेतल्या स्नेहसंमेलनात बोलल्यासारखा बोलायला लागतो. ‘सर्वप्रथम मी आयोजकांचे मनःपूर्वक आभार मानतो...’

मिनिट संपतं, टाळ्या होतात. चहाच्या वेळी शेजारचा विचारतो, ‘तुमचं नेमकं काम काय म्हणालात?’

असं का होतं आणि ते टाळायचं कसं, हे एक उदाहरण घेऊन समजून घेऊ.

## स्वतःची ओळख स्वतः देणं अवघड का जातं?

याचं एक कारण आपल्या सवयीत आहे. कोल्हापूर भागात ओळख बहुतेक वेळा तिसरा माणूस करून देतो. लग्नात, यात्रेत, दूध संस्थेच्या बैठकीत कुणीतरी हात धरून नेतो आणि सांगतो, ‘हे आपल्या वडणग्याचे. शिरोलीत वर्कशॉप आहे. मोटरचं काम अडलं होतं, तेव्हा यांनीच एका रात्रीत करून दिलं.’ आधी गाव, मग काम, मग एखादा अनुभव. ज्याची ओळख होते आहे, तो फक्त हात जोडतो आणि ‘तसं काही नाही’ म्हणतो. कौतुक झालं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून झालं.

नेटवर्किंगच्या बैठकीत हा मधला माणूस नसतो. त्याचं काम स्वतःलाच करावं लागतं आणि तिथंच दोन चुका होतात. काही जण लाजतात आणि काम इतकं मोघम सांगतात की हाती काहीच लागत नाही. काही जण अवघडलेपण झाकायला छापील माहितीपत्रकाची भाषा उचलतात. पहिल्याचं बोलणं विसरलं जातं, दुसऱ्याचं बढाईचं वाटतं.

यावर उपायही त्याच सवयीत सापडतो. तयारी करताना ‘मी माझ्याबद्दल काय सांगू?’ या प्रश्नाऐवजी ‘माझं काम जवळून पाहिलेला माणूस माझी ओळख कशी करून देईल?’ हा प्रश्न घ्यायचा. शक्य असेल तर खरोखर दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचा आणि विचारायचं, ‘माझ्याबद्दल कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता?’ मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवायचं. या उत्तरात ‘अत्याधुनिक’, ‘अग्रगण्य’, ‘दर्जेदार’ असे शब्द जवळपास नसतातच. ‘रात्री फोन केला तरी उचलतो’, ‘छोटा लॉट असला तरी नाही म्हणत नाही’, ‘माप चुकलं तर स्वतःहून सांगतो’ अशी वाक्यं असतात. ओळखीचा कच्चा माल हाच.

## एका मिनिटात किती मावतं?

किती बोलायचं याचा अंदाज नसला की माणूस जास्त तयारी करतो आणि मग घाईत बोलतो. निवांत, समजेल असं मराठी बोलताना एका मिनिटात साधारण १०० ते १२५ शब्द होतात. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, म्हणून तो स्वतः मोजावा. फोनवर रेकॉर्डर लावून आज वर्कशॉपमध्ये किंवा दुकानात काय काम झालं, हे एक मिनिट कुणाला तरी सांगायचं. नंतर ते ऐकून शब्द मोजायचे. हा आपला खरा वेग. ओळखीसाठी त्यातले दहा-पंधरा शब्द कमीच धरावेत, कारण सभेत सुरुवातीला माईक हातात घेण्यात, नमस्कार करण्यात काही सेकंद जातात.

एवढ्या शब्दांत चारच गोष्टी नीट बसतात. पहिली, नाव आणि ठिकाण. दुसरी, काम; तेही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं राहील असं. तिसरी, खरोखर घडलेला एक प्रसंग. चौथी, एक नेमकी मागणी, म्हणजे आपल्याला कुणाला भेटायचं आहे ते. कंपनीचा इतिहास, यंत्रांची यादी, मिळालेली प्रमाणपत्रं, सगळ्या सेवांची नावं यांना इथं जागा नाही. त्या गोष्टी वाईट नसतात, पण त्या चहाच्या वेळी कुणी विचारल्यावर सांगायच्या असतात.

## बढाई नेमकी कशी ऐकू येते?

बोलणाऱ्याला आपण बढाई मारतोय असं सहसा वाटत नाही. २०१५ साली आयरीन स्कोपेलिती, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि योआखिम वोसगेराव या संशोधकांनी याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःच्या यशाबद्दल सांगणाऱ्या लोकांना वाटत होतं की ऐकणाऱ्याला त्याचा आनंद होईल, अभिमान वाटेल. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याला तेवढा आनंद होत नव्हता आणि वैताग मात्र बोलणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त येत होता. म्हणजे आपल्याला ठीक वाटतंय, एवढ्यावर विसंबून चालत नाही.

ओळखीतली बढाई बहुतेक वेळा विशेषणांत असते. ‘उत्तम दर्जा’, ‘सर्वांत विश्वासू’, ‘नामांकित ग्राहक’ हे शब्द निकाल सांगतात. निकाल देण्याचं काम ऐकणाऱ्याचं असतं आणि बोलणाऱ्यानं ते स्वतःच उरकून टाकलं की ऐकणारा मनातल्या मनात आखडतो. त्याऐवजी ज्यावरून तो निकाल निघतो ती वस्तुस्थिती सांगितली, तर ऐकणारा स्वतः त्या निकालाला पोचतो.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण घेऊ. ‘आमच्याकडे अस्सल, उत्कृष्ट दर्जाची कोल्हापुरी मिळते’ हे वाक्य शहरातलं कुठलंही चप्पल दुकान म्हणू शकतं. ‘आमची चप्पल हातानं, चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, त्यात खिळा नसतो, उलटी करून बघा’ या वाक्यात विशेषण एकही नाही, पण ते तपासता येतं. ‘कोल्हापुरी’ या नावाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. त्यामुळे ‘मानांकन असलेली चप्पल’ एवढं सांगून एखादा कारागीर वेगळा ठरत नाही. ‘उलटी करून बघा’ म्हणणारा ठरतो.

एक साधी चाचणी आहे. ओळखीतलं प्रत्येक वाक्य आपल्या स्पर्धकाच्या तोंडी घालून बघायचं. तोही ते वाक्य जसंच्या तसं म्हणू शकत असेल, तर ते काढून टाकायचं.

उलट टोकाची चूकही टाळावी. ‘आमचं काय, छोटंसं वर्कशॉप आहे, पण देवाच्या कृपेनं सगळ्या मोठ्या कंपन्या आमच्याकडेच येतात’ अशा वाक्यात नम्रतेच्या पडद्याआडून मोठेपणा सांगितलेला असतो आणि तो लगेच कळतो. यापेक्षा सरळ सांगितलेली गोष्ट बरी.

## एक उदाहरण: शिरोलीतलं मशीन शॉप

कोल्हापूरच्या फौंड्र्या आणि त्यांच्या जोडीची मशीन शॉप्स शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत पसरलेली आहेत. फौंड्रीत लोखंड ओतून पार्ट तयार होतो आणि मशीन शॉपमध्ये त्याला नेमक्या मापाचं केलं जातं. समजा, शिरोली एमआयडीसीत असं मशीन शॉप चालवणारा एक उद्योजक आहे. वडिलांनी सुरू केलेलं काम आता तो बघतो. त्यानं पहिल्यांदा लिहिलेली ओळख अशी होती:

‘नमस्कार. सर्वप्रथम मला या व्यासपीठावर बोलण्याची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे मनःपूर्वक आभार. आमची कंपनी गेली बावीस वर्षे इंजिनिअरिंग क्षेत्रात कार्यरत असून दर्जा, विश्वास आणि वेळेवर सेवा ही आमची त्रिसूत्री आहे. आमच्याकडे अत्याधुनिक यंत्रसामग्री व अनुभवी मनुष्यबळ उपलब्ध असून आम्ही सर्व प्रकारची मशिनिंगची कामे करतो. अनेक नामांकित कंपन्या आमच्या समाधानी ग्राहक आहेत. आपल्या सर्वांच्या सहकार्याची अपेक्षा. धन्यवाद.’

यात खोटं काहीच नाही. तरी हे बोलणं पाठ केल्यासारखं वाटतं, कारण ही बोलायची मराठी नाही. ‘कार्यरत असून’, ‘उपलब्ध असून’ असं माणूस चहाच्या टपरीवर म्हणत नाही. वाक्यं लांब आहेत आणि दोन-दोन गोष्टी ‘असून’नं जोडल्या आहेत, त्यामुळे मध्येच एक शब्द सुटला तर पुढचं सगळं अडतं. शिवाय ‘सर्व प्रकारची कामे’ या शब्दांतून काहीच दिसत नाही. ऐकणाऱ्या केटररला कुणी उद्या विचारलं, की तो माणूस काय करतो, तर तो ‘काहीतरी इंजिनिअरिंगचं आहे’ एवढंच सांगेल.

या उद्योजकानं मग दोन गिऱ्हाइकांना विचारलं. एकानं सांगितलं, ‘ते खराब झालेले हाऊसिंग तुम्ही वाचवून दिले होते, ते मी सगळ्यांना सांगतो.’ त्याच धाग्यावरून दुसरी ओळख तयार झाली. सुरुवातीला नाव आहेच, त्यापुढे:

‘गाव वडणगे, वर्कशॉप शिरोली एमआयडीसीत. पंपाचा पार्ट फौंड्रीतून ओतून आमच्याकडं येतो. त्यात बेअरिंग बसायचं भोक आम्ही मापात करून देतो. भोक ६२ मिलिमीटरचं असतं आणि फरक चालतो तो केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाचे दुसरीकडं केलेले २०० पार्ट अडकले होते. बेअरिंग सैल बसत होतं. भोक एकदा मोठं झालं की लहान होत नाही. आम्ही आत बुश घालून १४० वाचवले. ६० भंगारातच गेले. मला भेटायचं आहे ते पंप बनवणाऱ्यांना, ज्यांना महिन्याला दोनशे ते पाचशे नगांचं काम बाहेर द्यायचंय. एवढ्या छोट्या लॉटला मोठ्या शॉपमध्ये नंबर लागत नाही, आमच्याकडं लागतो. असं कोण तुमच्या ओळखीत असेल तर चहाला भेटा.’

हे साधारण शंभर शब्दांचं बोलणं आहे, म्हणजे घाई न करता एका मिनिटात बसणारं. यात चार गोष्टी बघण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट मापाची. ६२ मिलिमीटरच्या बेअरिंगच्या भोकाला नेहमीच्या एच सात फिटमध्ये ३० मायक्रॉनपर्यंतचा फरक चालतो. फौंड्रीवाल्यांच्या बैठकीत ‘३० मायक्रॉन’ म्हटलं की पुरतं. दंतवैद्य आणि केटरर बसलेल्या सभेत तो आकडा हवेत विरतो, म्हणून तिथं केसाची उपमा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर ३० म्हणजे निम्म्याहून कमी. काम तेच, मोजपट्टी ऐकणाऱ्याच्या ओळखीची.

दुसरी गोष्ट ६० पार्ट भंगारात गेल्याची. हे वाक्य अनेक जण काढून टाकतील. पण सगळ्या बढाईची हवा याच वाक्यानं काढून घेतली आहे. २०० पैकी २०० वाचवले असं सांगितलं असतं तर सभेतल्या जाणकारांनी भुवया उंचावल्या असत्या. जे जमलं नाही ते सांगितल्यामुळे जे जमलं त्यावर विश्वास बसतो.

तिसरी गोष्ट, गिऱ्हाइकाचं नाव नाही, आणि आधी ज्यानं काम केलं त्याचंही नाही. ते मुद्दाम आहे. पुरवठादारांच्या ओळखीत मोठ्या वाहन कंपनीचं नाव घेण्याचा मोह असतो. पण कित्येकदा माल आधी दुसऱ्या पुरवठादाराकडे जातो आणि तिथून पुढे त्या कंपनीत. त्या कंपनीला थेट माल देणारा माणूस त्याच खोलीत बसलेला असू शकतो. शिवाय बऱ्याच करारांत गिऱ्हाइकाचं नाव किंवा पार्टची माहिती बाहेर सांगायला मनाई असते. नाव घ्यायचंच असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि नातं आहे तसं सांगावं: ‘आमचा पार्ट अमुक पुरवठादारामार्फत तिथं जातो.’

चौथी गोष्ट मागणीची. ‘सहकार्याची अपेक्षा’ म्हटलं तर ऐकणाऱ्यानं करायचं काय, हे त्याला कळत नाही. ‘पंप बनवणारे, महिन्याला दोनशे ते पाचशे नग’ म्हटलं की सीएच्या डोक्यात एखाद्या पक्षकाराचं नाव चमकतं. मिश्र सभेत बहुतेक जण आपलं गिऱ्हाईक नसतात. पण ते कुणाला तरी ओळखतात आणि त्यांना पुढे सांगता येईल असं एक वाक्य हवं असतं.

## पाठ न करता तयारी कशी करायची?

गोंधळ इथंच जास्त होतो. पाठ केल्यासारखं वाटू नये म्हणून काही जण तयारीच करत नाहीत. मग बोलणं भरकटतं, मिनिट कंपनीच्या स्थापनेत संपतं आणि मागणी राहून जाते. तयारी करायचीच, पण वाक्यांची नाही, क्रमाची.

सुरुवात बोलण्यापासून करावी, लिहिण्यापासून नाही. घरात किंवा गाडीवर जाताना मित्राला सांगावं तसं आपलं काम मोठ्यानं सांगायचं आणि रेकॉर्ड करायचं. मग ते ऐकून चांगली वाक्यं टिपायची. आधी लिहिलं की हात आपोआप अर्जाच्या भाषेत जातो. आधी बोललं की तोंडातली भाषा कागदावर येते.

मग सगळ्या ओळखीचे चार शब्द करायचे. वरच्या उदाहरणात ते असे होतील: शिरोली, भोक, बुश, पंपवाले. व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर एवढेच शब्द लिहायचे. फक्त दोन वाक्यं पक्की ठेवायची, काम सांगणारं पहिलं आणि मागणी सांगणारं शेवटचं. सुरुवात पक्की असली की घशाची कोरड जाते आणि शेवट पक्का असला की कुठं थांबायचं ते कळतं. मधला प्रसंग दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगायचा.

आता चार शब्द समोर ठेवून तीनदा रेकॉर्ड करायचं, पण तिन्ही वेळा प्रसंग मुद्दाम वेगळ्या वाक्यानं सुरू करायचा. एकदा ‘मागच्या पावसाळ्यात’पासून, एकदा ‘२०० पार्ट अडकले होते’पासून, एकदा ‘एका गिऱ्हाइकाचा फोन आला’पासून. तिन्ही रेकॉर्डिंग शब्दाला शब्द सारखी आली, तर पाठांतर झालंय असं समजावं. वेगळी आली आणि तरी चारही मुद्दे आले, तर तयारी झाली. यापेक्षा जास्त सराव सहसा उलटा पडतो.

ऐकताना तीन खुणा शोधाव्यात. पाठ केलेल्या बोलण्यात सगळी वाक्यं एकाच वेगानं आणि एकाच सुरात जातात. थांबा स्वल्पविरामाच्या जागी येतो, विचार करायच्या जागी येत नाही. आणि आकडा सांगतानाही आवाज बदलत नाही. खरं बोलताना माणूस ‘६० भंगारातच गेले’ म्हणताना आपोआप हळू होतो. तसा होत नसेल, तर ते वाक्य अजून कागदावरचं आहे.

## कोल्हापुरी बोलावं की ‘शुद्ध’?

ओळख तयार करताना अनेक जण बोलीही बदलतात. ‘आमच्याकडं’चं ‘आमच्याकडे’ होतं, ‘हाय’चं ‘आहे’ होतं. सभा औपचारिक असेल, तर थोडा बदल आपसूक होतोच आणि त्यात गैर काही नाही. अडचण येते ती अर्ध्यातून परत फिरल्यावर. पहिली तीन वाक्यं प्रमाण मराठीत आणि प्रसंग रंगात आल्यावर कोल्हापुरीत, असं झालं की आधीचं पाठ केलेलं होतं हे उघडं पडतं.

बायकांच्या बाबतीत हे जास्त जाणवतं. कोल्हापूर भागात अनेक बायका रोजच्या बोलण्यात ‘मी आलो’, ‘मी करतो’ असंच म्हणतात. सभेत त्या ‘मी करते’वर जातात आणि बोलण्याच्या ओघात पुन्हा ‘करतो’ येतं. दोन्ही रूपं चालतात. पण तयारी करताना ज्या रूपात तोंड सहज चालतं तेच धरावं. व्याकरणाकडे लक्ष गेलं की प्रसंगावरचं लक्ष उडतं.

‘मी’ आणि ‘आम्ही’चाही प्रश्न येतो. कामगारांनी मिळून केलेल्या कामाला ‘मी केलं’ म्हटलं तर ते खटकतं. स्वतःपुरत्या गोष्टीला ‘आम्ही’ म्हटलं तर तोरा वाटतो. वरच्या ओळखीत पार्ट वाचवणारे ‘आम्ही’ आहेत आणि भेटायचं आहे ते ‘मला’. एवढा भेद पुरतो.

## माईक आपल्याकडे येताना

रांगेनं ओळखी चालू असताना आपल्या आधीचा माणूस काय बोलला ते बहुतेकांना आठवत नाही. माल्कम ब्रेनर या संशोधकानं १९७३ साली हे दाखवून दिलं. त्यानं लोकांना गोलात बसवून आळीपाळीनं शब्द वाचायला लावले. नंतर विचारल्यावर आपली पाळी येण्याच्या अगदी आधीचे शब्द लोकांना सर्वांत कमी आठवले. मन स्वतःच्या पाळीच्या तयारीत अडकलेलं असतं.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यायला हवा. आपण बोलत असताना पुढचा माणूस आपल्याला ऐकत नाही, त्यामुळे त्याला चहाच्या वेळी पुन्हा सांगायची तयारी ठेवावी. आणि आपली पाळी येण्याआधी मनात उजळणी करायची नाही. पक्कं पहिलं वाक्य खिशात आहे, तेवढं पुरे. आधीच्या माणसाचं बोलणं ऐकलं तर त्यातला एखादा धागा धरता येतो. आधीचा केटरर ‘आमच्याकडं शंभर पानांची ऑर्डर पण घेतो’ म्हणाला असेल, तर ‘यांच्यासारखीच आमच्याकडं पण छोटी ऑर्डर चालते, फक्त जेवणाची नाही, लोखंडाची’ असं सुरू करता येतं. असं वाक्य घरी तयार करता येत नाही, म्हणूनच ते पाठ केलेलं वाटत नाही. धागा सापडला नाही, तर ओढूनताणून आणू नये.

नाव सावकाश सांगावं. ओळखीत सर्वांत आधी विसरलं जातं ते नाव, कारण पहिल्या दोन सेकंदांत लोक आवाजाची आणि चेहऱ्याची सवय करून घेत असतात. म्हणून शेवटी मागणीसोबत नाव पुन्हा एकदा सांगणं चांगलं.

वेळ कमी झाली असेल आणि ‘प्रत्येकी २० सेकंद’ असं जाहीर झालं, तर मिनिटाची ओळख भरभर बोलायची नाही. प्रसंग पूर्ण सोडायचा. नाव, काम आणि मागणी एवढंच ठेवायचं. मधला भाग पाठ केलेला नसला की तो सहज सुटतो.

## प्रत्येक सभेला तीच ओळख चालते का?

फौंड्री किंवा इंजिनिअरिंगवाल्यांच्या बैठकीत मशिनिंग म्हणजे काय ते सांगत बसायची गरज नसते. तिथं किती किलोपर्यंतचा पार्ट घेतो, कुठलं माप धरतो, महिन्याला किती नग मोकळे आहेत, हे ऐकायला लोक आलेले असतात. मिश्र गटात याच्या उलट. अमेरिकेत इव्हान मिसनर यांनी १९८५ साली सुरू केलेल्या बीएनआयसारख्या गटांत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात आणि दर आठवड्याला भेटतात. माधवराव भिडे यांनी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबसारख्या मराठी उद्योजकांच्या मंडळातही वेगवेगळ्या व्यवसायांची माणसं एकत्र येतात. अशा ठिकाणी बहुतेक श्रोत्यांना आपल्या धंद्यातले शब्द माहीत नसतात.

पुन्हा पुन्हा त्याच माणसांसमोर बोलायचं असेल, तर वेगळीच अडचण येते. चौथ्या आठवड्यात लोक आपली ओळख आपल्याआधी म्हणू शकतात. तिथं काम सांगणारं वाक्य तसंच ठेवावं, कारण ते पक्कं बसायला हवं. प्रसंग मात्र त्या आठवड्यातला घ्यावा आणि मागणी एकाच माणसापुरती लहान करावी. यासाठी वर्कशॉपमध्ये एक वही ठेवून दर शनिवारी त्या आठवड्यातली एक अडचण दोन ओळींत लिहिली तरी पुरतं.

चहाच्या टेबलाशी मिनिटभराची ओळख द्यायचीच नाही. तिथं ‘काय करता?’ याला एक वाक्य पुरतं: ‘पंपाच्या पार्टला बेअरिंगचं भोक मापात करून देतो.’ मग थांबायचं. समोरच्याला रस असेल तर तो विचारेल आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून प्रसंग सांगता येईल. नसेल तर त्याचं काम विचारावं.

## धंदा नवा असेल, सांगण्यासारखा प्रसंग नसेल तर?

तर तो बनवू नये. कोल्हापूरसारख्या शहरात दोन माणसांमागे ओळख निघते आणि रचलेला प्रसंग लवकर उघडा पडतो. नव्या माणसानं हा धंदा का धरला, त्यामागचं निरीक्षण सांगावं. ‘मी पाच वर्षं एका पंप कारखान्यात तपासणीला होतो. तिथं छोटे लॉट तीन-तीन आठवडे बाहेर अडकायचे, म्हणून मी हे सुरू केलं. दोन महिने झाले, आत्ता दोन गिऱ्हाइकं आहेत.’ यात बढाईला जागाच नाही आणि माणूस कामाचा आहे, हेही कळतं.

## जमलं की नाही, कसं कळेल?

टाळ्यांवरून कळत नाही. त्या सगळ्यांना पडतात. ‘छान बोललात’ यावरूनही कळत नाही. सभेआधी घरातल्या किंवा शेजारच्या, आपल्या धंद्यात नसलेल्या माणसाला ओळख ऐकवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याला विचारावं, ‘मी काय करतो आणि मला कोण हवंय?’ त्यानं ‘पंपाच्या भोकाचं काम, आणि छोट्या लॉटवाले पंपवाले’ असं सांगितलं, तर ओळख तयार आहे. त्याला फक्त ‘बावीस वर्षं’ आठवत असतील, तर ती अजून बदलायला हवी.

सभेनंतरची खूण आणखी सोपी आहे. चहाच्या वेळी ‘नेमकं काय करता?’ असं विचारलं गेलं, तर काम सांगणारं वाक्य फसलं. ‘ते ६० पार्ट वाचले का नाहीत?’ असं कुणी विचारलं, तर बोलणं पोचलं. आणि एखादा हात धरून दुसऱ्याकडे घेऊन गेला, ‘हे बघा, शिरोलीचे, छोटे लॉट घेतात’ असं म्हणाला, तर सुरुवातीला नसलेला मधला माणूस आता मिळाला आहे.